पराटी वाचली असती, पण केव्हा?

आदरणीय सर,
मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहते. जीएनएम होऊन तीन वर्षं झाली, तालुक्याच्या दवाखान्यात नोकरी करते. इंग्लंडला जायचं म्हणून आयईएलटीएस दिली. बोलण्यात साडेसहा बँड आले, सात हवे आहेत. नागपूरला सराव परीक्षा घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या की, साधं बोलताना माझ्या चुका कमी असतात, पण पुढे काय करणार, असं असतं तर काय केलं असतं, असे प्रश्न आले की माझं वुड, विल आणि इफ सगळं एकात एक होऊन जातं. फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनल मी पाठ केले आहेत, पण बोलताना आठवत नाहीत. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालं. मी काय करू?
— एक परिचारिका

त्या कंडिशनलचे क्रमांक सध्या वहीतच राहू द्या. समोर परीक्षक बसलेला असताना ‘आता सेकंड की थर्ड’ असा हिशोब कोणालाच करता येत नाही, आणि ज्यांना इंग्रजी चांगले बोलता येते तेही तो करीत नाहीत. तुमच्या पत्रावरून मला असे वाटते की, चूक इंग्रजीचे नियम न येण्यामुळे होत नसून मराठी वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत नेण्यामुळे होत आहे. मराठी आणि इंग्रजी या दोन भाषा या एका बाबतीत नेमक्या कोठे वेगळ्या होतात, हे एकदा कळले की बराचसा गुंता आपोआप सुटतो.

आपल्याकडची दोन वाक्ये घ्या. जुलैत पावसाने दडी मारली की घरोघरी म्हणतात, ‘पाणी आलं तर पराटी वाचेल.’ पुढे दिवाळीच्या सुमारास, सगळे होऊन गेल्यावर, तीच माणसे म्हणतात, ‘पाणी आलं असतं तं पराटी वाचली असती.’ पहिल्या वाक्यात अजून आशा आहे, दुसऱ्यात नाही. इंग्रजीत पहिले वाक्य ‘इफ इट रेन्स, द कॉटन विल सर्व्हाइव्ह’ असे होते आणि दुसरे ‘इफ इट हॅड रेन्ड, द कॉटन वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड’ असे होते. येथवर मराठी आणि इंग्रजी बरोबर चालतात आणि तुम्हालाही फारशी अडचण येत नसेल.

आता तिसरे वाक्य पाहा. ‘आमच्या शेतात विहीर असती तर पराटी वाचली असती.’ हे वाक्य बोलणारा शेतकरी गेल्या वर्षीच्या पराटीबद्दल बोलतो आहे की आज शेतात उभ्या असलेल्या? दोन्ही अर्थ होतात. आज, या क्षणी विहीर नाही म्हणून पराटी सुकते आहे, हेही या वाक्यातून सांगता येते. गेल्या वर्षी विहीर नव्हती म्हणून ती गेली, हेही सांगता येते. मराठीला येथे वेळ सांगण्याची गरज वाटत नाही, कारण ऐकणाऱ्याला ती संदर्भावरून कळते. इंग्रजी मात्र येथे दोन स्वतंत्र वाक्ये करते. आजचे असेल तर ‘इफ वी हॅड अ वेल, द कॉटन वुड सर्व्हाइव्ह’, आणि गेल्या वर्षीचे असेल तर ‘इफ वी हॅड हॅड अ वेल, द कॉटन वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड’. मराठी मनाला ‘वाचली असती’ या शब्दांचे इंग्रजी नेहमी ‘वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड’ असेच सुचते, म्हणून आपण आजच्या कल्पनेलाही गेलेल्या काळात ढकलून देतो.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. शिक्षकाच्या नोकरीसाठी दिलेल्या माझ्या पहिल्या मुलाखतीत मला इंग्रजीतून विचारण्यात आले की, कोठेही राहण्याची मुभा असेल तर तुम्ही कोठे राहाल? माझ्या मनात ‘मी अमरावतीत राहिलो असतो’ हे वाक्य आले आणि तोंडून ‘आय वुड हॅव लिव्ह्ड इन अमरावती’ असे गेले. समोरच्या गृहस्थांनी अगदी सरळपणे विचारले, ‘मग का राहिला नाहीत?’ त्यांना वाटले की अमरावतीला राहण्याची संधी कधीतरी आली होती आणि ती हुकली. मला म्हणायचे होते ‘आयड लिव्ह इन अमरावती’, एवढेच. ती नोकरी मला मिळाली नाही. त्याचे कारण हेच असेल असे नाही, पण तो प्रश्न मात्र अजून कानात आहे.

म्हणून तुम्हाला एकच कसोटी देतो. ‘असते तर’ अशा वळणाचे वाक्य मनात आले की त्याला आधी ‘आज’ किंवा ‘तेव्हा’ यांपैकी एक शब्द लावून पाहा. ‘आज विहीर असती तर’ हे जमले, तर इंग्रजीत नुसते ‘वुड’ आणि त्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप येईल. ‘तेव्हा विहीर असती तर’ हे जमले, तरच ‘वुड हॅव’ येईल. परीक्षेतल्या काल्पनिक प्रश्नांपैकी बहुतेक प्रश्न ‘आज’चेच असतात: तुमच्याकडे मोकळा वेळ असता तर काय कराल, एखादी गोष्ट बदलता आली तर कोणती बदलाल. त्यामुळे ‘वुड हॅव’ची गरज तुम्हाला वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी वेळा पडेल.

याच वळणातून दुसरी चूक निघते आणि ती अधिक ऐकू येते. मराठीत ‘असती तर’ आणि ‘वाचली असती’ या दोन्ही बाजूंना एकच ‘असती’ आहे, जणू तराजूची दोन पारडी. त्या समतोलाच्या ओढीने विद्यार्थी ‘इफ आय वुड हॅव मनी, आय वुड बाय अ हाउस’ असे दोन्ही पारड्यांत ‘वुड’ टाकतात. परीक्षेच्या इंग्रजीत ‘वुड’ एकाच पारड्यात ठेवायचे असते, ज्या पारड्यात ‘इफ’ नाही त्यात. ‘इफ’च्या पारड्यात ‘हॅड’, ‘लिव्ह्ड’, ‘वर्क्ड’ अशी भूतकाळी रूपे येतात, मात्र अर्थ भूतकाळाचा नसतो. हे विचित्र वाटले तर ‘पाणी आलं तर’ आठवा. तेथे ‘आलं’ हे भूतकाळाचे रूप आहे आणि पाणी अजून यायचे आहे, म्हणजे हा खेळ मराठीतही चालतोच. ‘इफ आय वॉज’ म्हणावे की ‘इफ आय वेअर’, यावर मात्र वेळ घालवू नका. बोलताना दोन्ही चालतात.

खऱ्याखुऱ्या शक्यतेच्या वाक्यात तर मराठी तुमच्या मदतीला येते. ‘पाणी येईल तर पराटी वाचेल’ असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. ‘तर’च्या आधी आपण भविष्यकाळ टाळतोच. मग ‘इफ आय विल गेट सेव्हन बँड्स’ असे का होते? कारण आपल्याला वाटते की गोष्ट पुढची आहे, म्हणजे ‘विल’ हवे. मराठीत जेथे ‘मिळाले तर’ असे म्हणाल, तेथे इंग्रजीत ‘इफ आय गेट’ असे साधे वर्तमानाचे रूप ठेवा आणि ‘विल’ दुसऱ्या पारड्यात जाऊ द्या. फसगत होते ती ‘तेव्हा’च्या वाक्यांत, कारण तेथे मराठी भविष्यकाळ वापरते. ‘मी लंडनला पोहोचेन तेव्हा फोन करीन’ हे आपले अगदी शुद्ध वाक्य आहे, परंतु इंग्रजीत ते ‘व्हेन आय रीच लंडन, आयल कॉल’ असे होते. ‘व्हेन आय विल रीच’ ही चूक जवळजवळ प्रत्येक मराठी माध्यमाच्या मुलाकडून मी ऐकली आहे.

आता पुढच्या बेतांविषयी. बोलण्याच्या परीक्षेच्या तीन भागांपैकी पहिल्या भागातले प्रश्न चार-पाच मिनिटांचे आणि घरगुती असतात, आणि त्यात ‘पुढे काय करायचे आहे’ असा प्रश्न येऊ शकतो. तेथे ‘आय वुड गो टु इंग्लंड अँड आय वुड वर्क इन अ हॉस्पिटल’ असे उत्तर फार मुले देतात, कारण शाळेत ‘वुड’ म्हणजे नम्र ‘विल’ असे कोणीतरी शिकवलेले असते. ऐकणाऱ्याला ते ‘मी इंग्लंडला गेले असते’ असे ऐकू येते आणि तो पुढच्या ‘पण’ची वाट पाहत राहतो. ‘आयड लाइक टु वर्क इन इंग्लंड’ हे मात्र बरोबर आहे, कारण ती इच्छा आहे, बेत नव्हे. दोन्हींत ‘वुड’ असले तरी त्यांची कामे वेगळी आहेत.

बेत सांगण्यासाठी मराठीत तुम्ही रोज तीन पायऱ्या वापरता. ‘मी जाणार आहे’ म्हणता तेव्हा गोष्ट ठरलेली असते, ‘मी जाईन’ म्हणता तेव्हा ती अजून तितकी पक्की नसते, आणि ‘जाईन कदाचित’ म्हणता तेव्हा तुम्हाला स्वतःलाच खात्री नसते. इंग्रजीत पहिल्या पायरीला ‘आय ॲम गोइंग टु’ ठेवा. दुसऱ्या पायरीसाठी ‘आय विल’पेक्षा ‘आय ॲम होपिंग टु’ किंवा ‘आय ॲम प्लॅनिंग टु’ अधिक सहज वाटते. तिसऱ्या पायरीला ‘आय माइट’ येते. तुमचे स्वतःचे उत्तर असे होऊ शकेल: ‘आय ॲम गोइंग टु टेक द टेस्ट अगेन धिस विंटर. इफ आय गेट द स्कोअर आय नीड, आयल अप्लाय राइट अवे. माय ब्रदर माइट जॉइन मी लेटर, बट ही हॅजंट डिसायडेड.’ या तीन वाक्यांत एकही अवघड शब्द नाही, तरी ठरलेले, अटीवर अवलंबून असलेले आणि अनिश्चित असे तिन्ही प्रकार वेगळे ऐकू येतात. ‘माइट’च्या पुढे ‘टु’ येत नाही आणि त्याच वाक्यात ‘मेबी’ही लावायचे नसते, ‘मेबी आय माइट’ हे ‘कदाचित बहुतेक’ म्हटल्यासारखे होते.

‘माइट’च्या बाबतीत मराठीचा आणखी एक सापळा आहे. ‘शकतो’ या शब्दाने आपण क्षमताही सांगतो आणि शक्यताही. म्हणून ‘उद्या पाणी येऊ शकतं’ याचे इंग्रजी ‘इट कॅन रेन टुमॉरो’ असे केले जाते. एखाद्या विशिष्ट दिवसाची किंवा प्रसंगाची शक्यता सांगायची असेल तर ‘इट माइट रेन टुमॉरो’ असेच म्हणावे लागते. ‘कॅन’ चालते ते नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी. ‘इन मे, द टेम्परेचर हिअर कॅन गो अबव्ह फॉर्टीफाइव्ह’ हे वाक्य बरोबर आहे, कारण विदर्भातला मे महिना तसाच असतो आणि त्याची आता आपल्याला सवय झाली आहे. तिसऱ्या भागात परीक्षक तुमच्या गावापासून दूर जाऊन समाजाच्या भवितव्याकडे वळतो, उदाहरणार्थ पुढच्या वीस वर्षांत खेडी रिकामी होतील का, असे विचारतो. तेथे प्रत्येक वाक्याला ‘विल’ लावले की उत्तर भविष्यवाणीसारखे वाटते आणि ‘कॅन’ लावले की अर्थ निसटतो. ‘मोअर यंग पीपल विल प्रॉबेबली लीव्ह, बट सम माइट कम बॅक इफ देअर आर जॉब्ज निअरबाय’ असे म्हटले की कोणत्या गोष्टीची किती खात्री आहे ते कळते.

आता एक पूर्ण प्रश्न घेऊ. ‘इफ यू कुड चेंज वन थिंग अबाउट द प्लेस व्हेअर यू लिव्ह, व्हॉट वुड इट बी?’ तुमच्या गावाला नाला असेल, त्यावर रपटा असेल आणि पावसाळ्यात एसटी अलीकडेच थांबत असेल असे मी धरून चालतो. नसेल तर बदलून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे पहिले उत्तर साधारण असे असते: ‘आय विल बिल्ड अ ब्रिज. इन रेनी सीझन द वॉटर वुड कम ओव्हर द रोड. इफ देअर वुड बी अ ब्रिज, चिल्ड्रन विल गो टु स्कूल. लास्ट ऑगस्ट द रोड वॉज क्लोज्ड. इफ देअर वॉज अ ब्रिज, आय वुड नॉट मिस माय ड्यूटी.’ सांगायचे सगळे यात आहे, परंतु कल्पना आणि वस्तुस्थिती यांची जागा अदलाबदल झाली आहे. पूल ही कल्पना असताना तिला ‘विल’ लागले, आणि दरवर्षी खरेच रस्त्यावर येणाऱ्या पाण्याला ‘वुड’.

हेच उत्तर नीट लावले तर असे होते: ‘आयड बिल्ड अ ब्रिज ओव्हर द स्ट्रीम नियर अवर व्हिलेज. एव्हरी मॉन्सून द वॉटर कम्स ओव्हर द रोड, अँड द बस स्टॉप्स अ किलोमीटर अवे. इफ वी हॅड अ प्रॉपर ब्रिज, द बस वुड कम राइट अप टु द स्कूल, अँड द चिल्ड्रन वुडंट मिस देअर क्लासेस इन जुलै. लास्ट ऑगस्ट वी वेअर कट ऑफ फॉर टू डेज. इफ देअर हॅड बीन अ ब्रिज, आय वुडंट हॅव मिस्ड माय नाइट शिफ्ट. दे से द वर्क माइट स्टार्ट नेक्स्ट यिअर, बट आयल बिलीव्ह इट व्हेन आय सी इट.’

येथे दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पाणी रस्त्यावर येते आणि बस लांब थांबते, ही वाक्ये साध्या वर्तमानकाळातच राहिली आहेत, कारण ती खरी आहेत. प्रश्नात ‘वुड’ आहे म्हणून उत्तराच्या प्रत्येक वाक्यात ते घालायचे नसते. जे आहे ते ‘आहे’मध्ये आणि जे नाही ते ‘असते’मध्ये सांगायचे असते. दुसरे असे की, ‘वुड हॅव’ एकदाच आले आहे आणि तेही हुकलेल्या एका रात्रपाळीसाठी, म्हणजे ‘तेव्हा’ची कसोटी लागू होते तेथेच. थर्ड कंडिशनल वापरल्याने बँड वाढतो असे कोणी सांगितले असेल तर ते अर्धेच खरे आहे. व्याकरण हा चार निकषांपैकी एक निकष असून चारही निकषांना सारखेच वजन असते. व्याकरणात सातच्या पातळीला वेगवेगळ्या रचना काहीशा सहजतेने वापरल्या जाव्यात आणि पुष्कळ वाक्ये बिनचूक यावीत, ही अपेक्षा असते. जोडवाक्ये आहेत पण त्यांत वारंवार चुका होतात, अशी स्थिती सहाच्या पातळीची मानली जाते. तुमचे अर्धे पाऊल बहुधा येथेच अडकले आहे. त्यामुळे ओढून आणलेल्या एका अवघड रचनेपेक्षा ‘वुड’ आणि ‘विल’ आपापल्या जागी राहणे तुमच्या अधिक फायद्याचे आहे.

सर्वांत अधिक घसरण होते ती उत्तराच्या मध्यावर. पहिले वाक्य ‘आयड बिल्ड’ असे ठीक सुरू होते आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला ‘इट विल हेल्प एव्हरीवन’ असे ‘विल’ येऊन बसते, कारण तोवर बोलणाऱ्याला आपला पूल खराच वाटू लागलेला असतो. ही घसरण बोलताना स्वतःला ऐकू येत नाही. त्यासाठी रात्रपाळीतल्या एखाद्या निवांत वेळी मोबाइलवर दोन मिनिटांचे उत्तर रेकॉर्ड करा आणि ते पुन्हा ऐकताना कागदावर फक्त क्रियापदे एकाखाली एक उतरवा: वुड बिल्ड, कम्स, स्टॉप्स, हॅड, वुड कम, याप्रमाणे. प्रत्येकापुढे ‘आहे’, ‘असते’ किंवा ‘तेव्हा’ यांपैकी एक शब्द लिहा. जेथे पुलाशी संबंधित क्रियापदापुढे ‘विल’ सापडेल, तेथेच तुमची चूक आहे. पहिल्या आठवड्यात अशा चार-पाच जागा एका उत्तरात निघाल्या तरी घाबरू नका.

आपला ‘वुड’ ऐकू येतो की नाही, हेही त्याच रेकॉर्डिंगमध्ये तपासा. ‘आयड बिल्ड’मधला ‘ड’ आपण इतका हलका करतो की समोरच्याला ‘आय बिल्ड’ एवढेच ऐकू जाते, आणि बरोबर बोललेले वाक्यही चुकीचे ठरते. ‘ड’ निसटत असेल तर ‘आय वुड बिल्ड’ असे पूर्ण म्हणा. थोडे औपचारिक वाटले तरी नुकसान काही नाही.

दुसऱ्या भागात चिठ्ठी हातात आल्यावर तयारीला एक मिनिट मिळते आणि मग एक ते दोन मिनिटे बोलायचे असते. त्या मिनिटात तुम्ही मुद्दे लिहिता, ते लिहाच, पण आधी चिठ्ठीवरच्या ओळी वाचून कोणती ओळ काल्पनिक आहे ते पाहा. ‘तुम्हाला शिकायला आवडेल असे एक कौशल्य’ अशी चिठ्ठी असेल तर ते कोठे शिकाल आणि त्याचा उपयोग काय होईल, या ओळी ‘वुड’च्या आहेत, ते का शिकावेसे वाटते ही ओळ आजची, म्हणजे साध्या वर्तमानाची आहे. तुमच्या मुद्द्यांच्या कागदावर काल्पनिक ओळीच्या मुद्द्यापुढे पेन्सिलने नुसते एक ‘अ’ काढून ठेवा. बोलताना डोळा त्या ‘अ’वर गेला की जीभ सावध होते. तिसऱ्या भागात कागद नसतो. तेथे परीक्षकाच्या प्रश्नातले पहिले सहायक क्रियापद पकडा: त्याने ‘वुड’ने विचारले तर तुमचे पहिले वाक्य ‘वुड’ने, ‘विल’ने विचारले तर ‘विल’ किंवा ‘माइट’ने. प्रश्न नीट ऐकू आला नाही तर पुन्हा विचारायला संकोच करू नका, कारण ‘वुड यू’ आणि ‘विल यू’ वेगात बोलल्यावर भल्याभल्यांना सारखेच ऐकू येतात.